होकार, हेतू आणि मॉर्फिनचा डोस

“मॉर्फिन वाढवायला मी होकार दिला आणि त्याच रात्री बाबा गेले. ताई, त्यांचा जीव मीच घेतला का?”

असे विचारणाऱ्या लेकीला मी लगेच धीर दिला नाही. आधी घरातली औषधांची नोंदवही मागवली आणि उपशामक सेवेतील एका डॉक्टरांसोबत ती वाचली. (ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत.) फुप्फुसाचा कर्करोग हाडांत पसरला होता, दर चार तासांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिन देऊनही वडील कूस बदलताना कण्हत होते, म्हणून डोस १५ मिलिग्रॅम झाला होता. मॉर्फिन अति झाले तर आधी गुंगी गाढ होते आणि मग श्वास मंदावतात. इथे डोसनंतर दोन तासांनी श्वास मिनिटाला १४ होते आणि हाक मारल्यावर वडील ओ देत होते. पुढे हातपाय गार पडले, श्वास थांबून थांबून येऊ लागला. डॉक्टरांच्या मते हा आजाराचाच शेवट होता.

तरीही लेकीचे मन निवेना. “पण मी मनात म्हणत होते, देवा, आता सोडव यांना.”

खरी गाठ इथे होती. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना म्हटले होते की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात आणि त्यांतला एकच हेतूत असतो. पुढे यातून द्विपरिणामाचा सिद्धान्त घडला: चांगल्या हेतूने केलेल्या कृतीचा दिसत असलेला पण हेतूत नसलेला वाईट परिणाम काही अटींवर क्षम्य ठरतो. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी अट अशी, की वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन असता कामा नये. मॉर्फिन वेदना शमवते, त्यासाठी मृत्यू यावा लागत नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली डॉ. कॉक्स खुनाच्या प्रयत्नासाठी दोषी ठरले, कारण त्यांनी रुग्णाला टोचलेले पोटॅशियम क्लोराइड वेदनाशामक नाही. त्यातून सुटका झाली असती तर ती मृत्यूमुळेच.

मी विचारले, “बाबा शांत झोपून सकाळी उठले असते, तर काही फसले असे वाटले असते का?” त्या रडत म्हणाल्या, “मी त्यांना चहा पाजला असता.” सुटकेची प्रार्थना आणि मारण्याचा हेतू यांतले अंतर त्या उत्तरात होते.

त्यांचे भाऊ सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी विचारले, “मग बॉम्ब टाकणाराही म्हणेल, उद्देश फक्त दारूगोळ्याचे कोठार होते.” प्रश्न रास्त होता. लोकांना घाबरवण्यासाठी वस्तीवर बॉम्ब टाकणे या सिद्धान्तात बसतच नाही. पण कोठारावर हल्ला करतानाही, नागरिकांची अपेक्षित हानी लष्करी लाभाच्या मानाने अतिरेकी नसावी आणि ती टाळण्याची शक्य ती खबरदारी घ्यावी, असे जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल सांगतो. नुसते “उद्देश नव्हता” म्हणून भागत नाही.

म्हणूनच मी नोंदवही मागवली होती. वेदना शमल्यावरही डोस वाढत गेल्याचे तिच्यात दिसले असते, तर मी त्यांना हे उत्तर दिले नसते.