फाटका फोटो आणि "हा नीट कर"

प्रश्न: मावशीने आजोबांचा फाटका फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, खाली फक्त "हा नीट कर". कॅप्शन लिहू, एडिटिंग कसं करायचं ते सांगू की रिस्टोअर करू?

रिस्टोअरच करा, मावशीला फोटो हवाय, ॲपची नावं नकोत आणि कॅप्शन तर कोणी मागितलंच नाही. स्टुडिओत मी हेच काम करतो, आधी मूळ प्रिंट मागवून 600 डीपीआयला स्कॅन करा कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो कॉम्प्रेस होऊन बारीक डिटेल जातं, आणि प्रिंट काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. फेट्यावरून, कोटावरून गेलेली प्रिंटची घडी फोटो एडिटरमधल्या हीलिंग ब्रशने आरामात जाते. फक्त घडी डोळ्यावरून गेली असेल आणि तिथला रंगच उडाला असेल तर अंदाजाने डोळा बसवू नका, भलतेच आजोबा तयार होतात, त्यांचा दुसरा एखादा फोटो मागून घ्या.