फोनवर कँडिडेट ‘हो’ म्हणाला, तरी मेलवर परवानगी का घ्यायची?

प्रश्न: मडगावच्या एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीत नुकतीच लागले. वेर्णा वसाहतीतल्या फार्मा कंपन्यांची भरती बघते. सर म्हणतात, रेझ्युमे पुढे पाठवण्याआधी दर वेळी कँडिडेटची मेलवर परवानगी घे. फोनवर ‘हो, पाठवा’ म्हटलेलं पुरत नाही का? आणि मेलमध्ये नेमकं लिहायचं काय?

उत्तर:

नाही पुरत. फोनवरचं ‘हो’ कोणत्या कंपनीसाठी, कोणत्या पदासाठी होतं, हे महिन्याभराने तुम्हालाही आठवत नाही आणि त्यालाही. त्याच आठवड्यात त्याला अजून तीन कन्सल्टंटचे फोन येऊन गेलेले असतात आणि तो सगळ्यांनाच ‘पाठवा’ म्हणालेला असतो. भांडण नेमकं इथे सुरू होतं.

समजा, एचपीएलसी चालवणारा, पाच वर्षं अनुभवाचा क्यूसी अ‍ॅनालिस्ट आहे. सोमवारी एका कन्सल्टन्सीने जॉब पोर्टलवरून त्याचा रेझ्युमे उतरवून घेतला आणि त्याला न विचारताच कंपनीला पाठवला. मंगळवारी तुम्ही त्याच्याशी नीट बोलून, परवानगी घेऊन, तोच रेझ्युमे त्याच कंपनीला पाठवलात. कंपनीच्या सिस्टिमने मोबाइल नंबर आणि मेल आयडी जुळवून ‘डुप्लिकेट’ दाखवलं. आता पैशाचा हिशेब बघा. सीटीसी ४,८०,००० ठरला आणि फी ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, असेल तर बिल ३९,९८४ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. ही रक्कम कंपनी दोघांना देणार नाही. काही कंपन्या ज्याची नोंद आधी त्याला मानतात. काही जण कँडिडेटची लेखी परवानगी कोणाकडे आहे ते विचारतात. आणि काही एचआर वाद नको म्हणून त्या कँडिडेटचं नावच बाजूला ठेवतात. तिसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त नुकसान त्याचं होतं आणि त्याला बऱ्याचदा कारणही कळत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या कंपनीत तुमचा मेल तुम्हाला वाचवतो. पहिल्या प्रकारच्या कंपनीत तो काही कामाचा नाही, तिथे फक्त आधी विचारलेला प्रश्न उपयोगी पडतो. म्हणून आपला क्लायंट कोणता नियम लावतो ते करारात बघून ठेवा. एकदा आलेलं नाव किती काळ त्या कन्सल्टन्सीचं धरायचं हेही तिथेच असतं, बहुधा सहा महिने किंवा वर्ष.

फोनवर पदाची माहिती देऊन झाली की कंपनीचं नाव सांगा आणि लगेच विचारा: गेल्या वर्षभरात इथे थेट अर्ज केला होता का, कोणी ओळखीच्याने आत नाव दिलंय का, दुसऱ्या कन्सल्टंटने पाठवलंय का? ‘नाही’ असं घाईत आलं तर ‘पोर्टलवर कधी प्रोफाइल भरलं होतं का?’ असा फिरवून विचारा. लोक वर्षापूर्वीचा ऑनलाइन अर्ज अर्जात धरत नाहीत, सिस्टिम मात्र धरते.

नाव आधी सांगितलं तर तो परस्पर अर्ज करेल, ही आपल्या धंद्यातली जुनी भीती. थोडी खरीही आहे. पण नाव न सांगता घेतलेली परवानगी ही परवानगीच नव्हे. पहिल्या बोलण्यात फक्त ‘वेर्ण्यातली टॅब्लेट बनवणारी कंपनी’ म्हणा, पगार आणि नोटीस पिरियड जुळतोय का बघा, आणि जुळला की नाव सांगून त्याच बैठकीत मेल टाका. नाव गुप्त ठेवा असं क्लायंटनेच सांगितलं असेल, तर निवडक कँडिडेटना ते सांगायची मोकळीक क्लायंटकडून आधी घ्या.

गोव्यात नाव सांगणं जास्तच गरजेचं आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण इथल्या फार्मावाल्यांत निम्मे लोक एकमेकांचे जुने सहकारी. रेझ्युमेवरचं नाव आणि सध्याच्या कंपनीचं नाव झाकून पाठवलं, तरी ‘टॅब्लेट प्लांट, एचपीएलसी, पाच वर्षं, आधी कुंडईला’ एवढ्यावरून एचआरला माणूस ओळखता येतो. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या सध्याच्या मॅनेजरच्या कानावर जाऊ शकतं. त्या कंपनीत आपली ओळख कोणाशी आहे हे फक्त कँडिडेटलाच माहीत असतं, त्यामुळे धोका घ्यायचा की नाही हेही त्यानेच ठरवायचं.

मेल लांबलचक नको. इंग्रजीत लिहिलात तरी चालेल, मजकूर साधारण असा:

‘नमस्कार. आज फोनवर बोलल्याप्रमाणे: कंपनी (पूर्ण नाव), वेर्णा. पद: क्यूसी अ‍ॅनालिस्ट. सध्याचा सीटीसी ३.९० लाख, अपेक्षा ४.८० लाख, नोटीस पिरियड ६० दिवस. सोबत जोडलेला रेझ्युमे या पदासाठी आमच्यामार्फत पाठवायला आपली परवानगी आहे का? परवानगी फक्त या कंपनीच्या या पदापुरती, आजपासून ९० दिवस. आपण इथे आधी अर्ज केलेला नाही असं आपण सांगितलं आहे. मान्य असल्यास याच मेलला उत्तर द्या. नंतर विचार बदलला तर तसं कळवा, आम्ही कंपनीला सांगू.’

त्याचं उत्तर त्याच्या स्वतःच्या मेल आयडीवरून यायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर दिलं तरी हरकत नाही, मात्र कंपनी आणि पद लिहिलेल्या मेसेजलाच रिप्लाय हवा. नुसता अंगठा पुढे वादात कमी पडतो. ‘२४ तासांत उत्तर न आल्यास संमती समजू’ असली ओळ घालू नका. चवथीच्या दिवसांत तर फोन दोन-दोन दिवस कोणी बघत नाही. आधार, पॅन, सॅलरी स्लिपही या टप्प्याला मागू नका. क्लायंटच्या पोर्टलवर एखादी गोष्ट भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर तेवढीच मागा आणि कशाला हवी ते सांगा.

रेझ्युमे मेलला जोडायचं कारण वेगळं आहे. आपल्या लेटरहेडवर टाकताना कोणीतरी ६० दिवसांचा नोटीस पिरियड ३० करतं, किंवा जीसीचा अनुभव थोडा फुगवतं. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर येतो आणि कँडिडेट गोंधळतो. त्याने होकार दिला तीच फाइल पुढे जायला हवी. फेरफार करायचे असतील तर नवी फाइल त्याला दाखवून पुन्हा होकार घ्या.

कायद्याचं बोलायचं तर, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कारणापुरती, माहिती देऊन घेतलेली आणि दिली तितक्याच सहज मागे घेता येणारी असावी असं म्हटलंय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतायत. प्रकरण पुढे गेलं तर संमती घेतली होती हे दाखवायचं काम डेटा वापरणाऱ्यावर येतं. ‘फोनवर हो म्हणाला होता’ हे तुम्ही दाखवणार कसं?

दुसऱ्याने आधीच पाठवलंय असं कळलं, तर तुम्ही पाठवू नका. ‘ते दुसरं पद होतं’ म्हणून पाठवायचा मोह होतो. पण बऱ्याच करारांत नोंद पदावर नाही, माणसावर असते, त्यामुळे दुसऱ्या पदासाठी पाठवलेलाही डुप्लिकेटच निघतो. आधी क्लायंटच्या एचआरला नाव न घेता नियम विचारा, मगच ठरवा.