फ्रंट लोड मशीन पाणी सोडत नाही, स्पिन करत नाही: आधी काय बघायचं?

प्रश्न: "आमची फ्रंट लोड मशीन कपडे धुते, पण शेवटी पाणी बाहेर टाकत नाही आणि स्पिनही करत नाही. काचेतून पाणी दिसतंय, दार उघडत नाही. कोणी फिल्टर म्हणतं, कोणी डोअर लॉक, कोणी बेल्ट. आधी काय तपासू?"

आधी पाण्याच्या मागे लागा. टबमध्ये किती पाणी आहे हे मशीनला प्रेशर स्विचकडून कळतं. पातळी खाली गेली असं तो सांगत नाही तोवर मशीन स्पिनही सुरू करत नाही आणि दारही सोडत नाही. म्हणजे तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच आहे. आणि धुताना ड्रम नीट फिरत होता ना? मग बेल्ट जागेवर आहे. दार लॉक झालं नसतं तर धुणं सुरूच झालं नसतं. हे दोन्ही सध्या बाजूला ठेवा. स्क्रीनवर कोड आला असेल तर तोही बघून ठेवा: एलजीवर `OE`, सॅमसंगवर `5E` किंवा `5C`, बॉशवर `E18` म्हणजे पाणी जात नाहीये.

मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर पाणी निवेपर्यंत थांबा. 60 अंशांचं पाणी हातावर आलं तर भाजतं.

मग मागची पाणी सोडायची नळी जिथे अडकवली आहे तिथून सोडवा आणि तिचं तोंड खाली न्हाणीच्या जाळीपाशी जमिनीवर आणा. नळी मशीनच्या पाठीवर क्लिपमध्ये उंच अडकवलेली असेल तर तिथूनही मोकळी करा. पाणी आपसूक वाहायला लागलं तर वाट मोकळी आहे, पंप उचलत नाहीये. टिपूसही आलं नाही तर बहुधा वाटेत काहीतरी अडकलंय. हे करताना नळी मशीनमागे भिंतीला दबून चिमटली आहे का तेही दिसेल. साफसफाईनंतर मशीन मागे ढकलली आणि दुसऱ्या दिवशी पाणी जायचं थांबलं, हे फार वेळा होतं.

आता फिल्टर. बहुतेक मशीनला पुढे, खाली उजव्या कोपऱ्यात छोटं झाकण असतं. ते उघडलं की गोल टोपी दिसते, काही मॉडेलला शेजारी बूच लावलेली बारीक नळीही असते. नळी असेल तर आधी तिच्यातून पाणी काढा. नसेल तर खाली पसरट ताट सरकवा, जवळ जुने टॉवेल ठेवा आणि टोपी थोडीशीच सैल करा. पाणी येऊ द्या, ताट भरलं की टोपी आवळा, ताट ओता, पुन्हा सैल करा. कंटाळवाणं काम आहे, पण टोपी एकदम काढलीत तर फरशीवर बादलीभर पाणी होईल.

टोपी सैल केल्यावर किती पाणी येतं, याकडे नीट लक्ष द्या. काचेतून पाणी दिसतंय आणि फिल्टरमधून जेमतेम कपभर आलं, तर अडथळा फिल्टरच्या वर आहे. टबच्या तळापासून पंपाकडे एक जाड, घड्यांची रबरी नळी येते, ती तुंबली आहे. आमच्या दुकानात अशीच एक मशीन आली होती. घरच्यांनी फिल्टर काढून धुतला होता, स्वच्छ होता, आणि आधीच्या मेकॅनिकने नवा पंप बसवला होता. तरी पाणी जाईना. टोपी उघडली तर दोन घोट पाणी आलं आणि थांबलं. मशीन आडवी करून ती रबरी नळी काढली. आत तान्ह्या बाळाचा मोजा होता, साबणाच्या लगद्याने आणि केसांनी माखून घट्ट बसलेला. दाराच्या रबराच्या घडीतून लहान कपडे टबमध्ये निसटतात आणि याच नळीत येऊन बसतात. जुना पंप ठणठणीत होता. पंपाचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

उलट भरपूर पाणी आलं तर फिल्टर पूर्ण बाहेर काढा. नाणी, हेअरपिन, बटणं, खिशात राहिलेल्या कागदाचा लगदा, असलं सगळं निघेल. तो नळाखाली धुऊन झाला की रिकाम्या खाचेत टॉर्च मारा. आत पंपाचा छोटा पंखा दिसतो. बोटाने नाही, काडीने फिरवा. तो अडखळत, झटके देत फिरला तर चांगला आहे. आत चुंबक असल्यामुळे तसंच वाटतं. अजिबात हलत नसेल तर केस किंवा दोरा गुंडाळला आहे का बघा. गरगर सैल फिरत असेल किंवा पाती तुटली असतील तर पंप गेला.

टोपी घट्ट लावा, साबणाच्या खणातून दोनेक लिटर पाणी ओता आणि नुसता ड्रेन किंवा स्पिनचा प्रोग्राम लावा. टोपीखाली थेंब गळतोय का तेही बघा. आवाज ऐका. पंप गुणगुणतोय पण पाणी जात नाही, तर पंखा अडकलाय किंवा पुढची नळी तुंबली आहे. काहीच आवाज नाही, तर पंपाची कॉइल, वायर किंवा बोर्ड. इथून पुढे मेकॅनिक बोलवा, पण काय काय बघून झालं ते त्याला सांगा.

पाणी गेलं तरी स्पिन होत नसेल, तर आधी ड्रममध्ये काय आहे ते बघा. एकटी जाड चादर किंवा बाथमॅट एका बाजूला गोळा होते, मशीन पुन्हा पुन्हा ती पसरवायचा प्रयत्न करते आणि शेवटी सोडून देते. एलजीवर तेव्हा `UE` दिसतं. सोबत दोन-चार कपडे टाकून बघा.

डोअर लॉकचं लक्षण वेगळं असतं. स्टार्ट दाबल्यावर 'टक्' असा आवाज यायला हवा. तो येत नसेल, किंवा येतो पण प्रोग्राम पुढे सरकत नसेल, तर दाराचा आकडा तुटलाय का, रबर मध्ये येतंय का, हे बघा. पाणी गेल्यावर, वीज बंद केल्यावर लॉक सुटायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात दार ओढू नका, आकडा मोडतो.

बेल्ट सर्वांत शेवटी. प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवा. बेल्ट असेल तर मोटारीची थोडी ओढ जाणवते. ड्रम अगदी हलका फिरत राहिला, आणि चालू असताना मोटारीचा आवाज येऊनही ड्रम जागेवरच असला, तर मागचं पॅनेल उघडा. निसटलेला बेल्ट लगेच दिसेल, झिजला असेल तर आजूबाजूला काळी रबरी भुकटीही. नवा घेताना बेल्टवर छापलेला नंबर दुकानदाराला दाखवा. `1270 J5` म्हणजे 1270 मिमी लांबी, J प्रकारच्या धारा आणि त्या पाच. बसवताना आधी मोटारीच्या लहान पुलीवर, मग मोठी पुली हाताने फिरवत तिच्यावर चढवा. डायरेक्ट ड्राइव्ह मशीन असेल तर तिला बेल्ट नसतोच, तेव्हा बेल्ट बदलायचं बिल कोणी दिलं तर आधी त्याला तो दाखवायला सांगा.