क्षार धुण्याचा हिशेब, आणि त्या हिशेबात न दिसणारी वाट

प्रश्न: माझी काळी जमीन क्षारपड झाली आहे. माती अहवालात ईसी २.४ आणि सामू ८.१ आहे, विहिरीच्या पाण्याची ईसी १.६ आहे. ऊस घ्यायचा आहे. क्षार धुऊन काढण्यासाठी किती जादा पाणी द्यावे लागेल आणि त्याचा हिशेब कसा करतात?

आधी सूत्र देतो, कारण तेच तुम्ही विचारले आहे.

```
LR = ECw / (5 × ECe − ECw)
```

LR म्हणजे दिलेल्या पाण्यापैकी क्षार धुण्यासाठी मुळांच्या खाली जायला हवा तो वाटा. ECw म्हणजे तुमच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजेच ईसी, तुमच्या बाबतीत १.६ डेसिसायमन प्रति मीटर. ECe म्हणजे तुमच्या जमिनीची आजची ईसी नव्हे. पिकाला मुळांच्या थरात जेवढी क्षारता सोसवते, ती मर्यादा इथे घालायची असते. उसाचे उत्पादन जराही घटू नये असा आग्रह असेल, तर ही मर्यादा १.७ धरतात आणि दहा टक्के घट चालणार असेल, तर ३.४. पहिल्या आकड्याने उत्तर ०.२३ येते आणि दुसऱ्याने ०.१०. ऊस एका पाळीत ७० मिलिमीटर पाणी वापरत असेल, तर ७० ला (१ − LR) ने भागायचे. म्हणजे पहिल्या हिशेबाने दर पाळीला ९१ मिलिमीटर आणि दुसऱ्याने ७८ मिलिमीटर पाणी द्यावे लागेल. एकरी ७० मिलिमीटर म्हणजे सुमारे २ लाख ८३ हजार लिटर, त्यामुळे जादा पाणी पहिल्या हिशेबाने ८५ हजार लिटर आणि दुसऱ्याने ३२ हजार लिटर होते. माझ्या मते १.७ च्या मागे लागू नका. १.६ ईसीच्या पाण्यावर जमिनीत तेवढी कमी क्षारता टिकवणे व्यवहारात जमत नाही, आणि तो प्रयत्न केल्यास जादा पाण्याचा ताण निचऱ्यावर येतो.

निचरा हाच शब्द या सूत्रात नाही, आणि तुमच्या प्रश्नातही नाही, म्हणून मी एवढे लिहायला बसलो आहे.

आमची जमीन वाळवा तालुक्यात आहे, खोल काळी, आणि शेजारचे शेत चुलतभावाचे आहे. दोन्ही शेते एकाच काळात बिघडली. सरीच्या माथ्यावर पांढरा थर येऊ लागला, खोडव्यात तुटाळी वाढली, आणि वरची माती भुसभुशीत कोरडी दिसत असताना टाचेने दाबली की खाली ओल लागायची. चुलतभावाने एका निविष्ठा विक्रेत्याच्या सल्लागाराला बोलावले. त्याने वर दिलेलेच सूत्र मांडले, टक्केवारी काढली आणि प्रत्येक पाळीत तेवढे पाणी वाढवायला सांगितले. मी तेव्हाच म्हणालो होतो, "दादा, हे पाणी खाली जाऊन थांबणार कुठे, ते त्याला विचार." दादाचे उत्तर होते, "हिशेब शास्त्राचा आहे, तुझ्या मनाचा नाही." त्याने हंगामभर पाणी वाढवले. बांधाजवळ माझ्या हद्दीत मी निरीक्षणासाठी छिद्रे पाडलेला पाइप दीड मीटर खोल उभा पुरला होता. त्यात दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजत असे. हंगामाच्या सुरुवातीला पाणी पाइपच्या तळाशी असायचे, शेवटी ते जमिनीखाली दोन फुटांवर आले. त्याच्या सरीच्या माथ्यावरचा पांढरा थर आता पट्ट्यासारखा सलग दिसू लागला, आणि माझ्या बांधालगतच्या उसाची पानेही शेंड्याकडून करपू लागली.

कारण साधे आहे. १.६ ईसीच्या प्रत्येक लिटरमध्ये अंदाजे एक ग्रॅम क्षार असतात. म्हणजे तुमच्या २ लाख ८३ हजार लिटरच्या पाळीबरोबर एकरात जवळपास २९० किलो क्षार येतात, आणि वर्षाला वीस पाळ्या धरल्या तर सुमारे पावणेसहा टन. पीक पाणी घेते, क्षार मात्र जवळजवळ सगळे मागे ठेवते. जादा दिलेले पाणी हे क्षार घेऊन मुळांच्या खाली गेले पाहिजे आणि तिथून शेताबाहेर गेले पाहिजे. शेताबाहेर जायला वाट नसेल, तर भूजल वर येते. ते जमिनीपासून दीड मीटरच्या आत आले की काळ्या मातीतून केशाकर्षणाने पुन्हा पृष्ठभागाकडे चढते, तिथे बाष्पीभवन होते आणि क्षार वरच उरतात. धुण्यासाठी दिलेल्या पाण्यातले क्षारही त्यात जमा होतात. सूत्र हे गृहीत धरूनच लिहिले आहे की खाली निचरा मोकळा आहे. सल्लागाराने टक्केवारी बरोबर काढली होती, पण ज्या शेताला ती लागू होत नव्हती त्या शेतावर ती लावली.

आता दुसरी गोष्ट, जी तुमच्या अहवालाशी थेट जोडलेली आहे. वरचे सूत्र हे जमीन चांगली ठेवण्यासाठी दर पाळीला द्यायच्या जादा पाण्याचे आहे. आधीच साठलेले क्षार धुऊन काढण्याचा हिशेब वेगळा असतो, आणि त्यासाठी जमिनीची आजची खरी ईसी लागते. आपल्याकडच्या प्रयोगशाळा बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ईसी मोजतात. पिकांच्या सहनशीलतेचे सगळे आकडे मात्र संपृक्त अर्काचे असतात, म्हणजे माती जेमतेम चिखल होईपर्यंत भिजवून शोषून काढलेल्या पाण्याचे. काळ्या मातीला तेवढा चिखल व्हायला वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी लागते असे धरले, तर २.४ ला २५० ने गुणून ७० ने भागायचे, उत्तर ८.६ येते. म्हणजे तुमची जमीन अहवालात दिसते त्यापेक्षा साडेतीनपट खारी आहे. मातीत जिप्सम असेल, तर हे रूपांतर थोडे जास्त आकडा दाखवते, म्हणून शक्य असेल तर संपृक्त अर्काचीच तपासणी मागून घ्या.

८.६ वरून ३.४ वर यायचे आहे. तुमच्याच पाण्याने कितीही धुतले, तरी ०.८ च्या खाली जाता येणार नाही असे धरू, कारण मातीत शेवटी उरणारे पाणी तेच १.६ ईसीचे असणार, आणि संपृक्त अर्क काढताना ते जवळपास दुप्पट पातळ होते. मग उरवायचा वाटा (३.४ − ०.८) भागिले (८.६ − ०.८), म्हणजे एक तृतीयांश. चिकणमातीत पाणी सतत साठवून ठेवले, तर ०.३ हा गुणांक वापरतात. ०.३ ला एक तृतीयांशाने भागून ६० सेंटिमीटर थराने गुणले की ५४ सेंटिमीटर पाणी येते, म्हणजे एकरी जवळपास २२ लाख लिटर. तेच पाणी थोडे थोडे देऊन, मुरू देऊन, पुन्हा दिले, तर गुणांक ०.१ च्या आसपास येतो आणि १८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ७ लाख ३० हजार लिटर पुरते. हे आकडे मातीतून खाली जाणाऱ्या पाण्याचे आहेत. माती वाफशापर्यंत भिजायला लागणारे आणि उन्हाने उडणारे पाणी वेगळे मिळवा.

हा फरक काळ्या जमिनीत खास महत्त्वाचा आहे. कोरड्या शेतात एकदम पाणी सोडले, तर ते भेगांतून थेट खाली पळते आणि ढेकळांच्या आतले क्षार जागच्या जागी राहतात. आधी हलके पाणी देऊन भेगा मिटू द्याव्यात, वाफे सपाट बांधावेत आणि मग पाच ते सात सेंटिमीटरच्या पाळ्या द्याव्यात. हे ओळखण्याची खूण निचऱ्याच्या तोंडाशी मिळते. मी खिशातला ईसी मीटर घेऊन माझ्या शेतातल्या भूमिगत निचरा पाइपच्या मॅनहोलशी बसत असे. भेगा मिटण्यापूर्वी पाइपमधून बाहेर पडणारे पाणी वर दिलेल्या पाण्याइतकेच गोडे होते, याचा अर्थ ते मातीला न भिडताच आले होते. नंतर तेच पाणी इतके खारट झाले की मॅनहोलच्या काठावर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग पडत. बाहेर पडणाऱ्या पाण्याची ईसी आत दिलेल्यापेक्षा बरीच जास्त आहे, तोवर धुलाई होत आहे असे समजा. ती उतरत जाऊन स्थिरावली की थांबा आणि माती पुन्हा तपासा.

माझ्या शेतात मी आधी सच्छिद्र पाइपची भूमिगत निचरा प्रणाली घातली, सुमारे मीटरभर खोल, फिल्टरचे कापड गुंडाळलेली, आणि कलेक्टर ओढ्यापर्यंत नेला. जवळची वाट दादाच्या बांधावरून होती. त्याने ती दिली नाही, म्हणून मला लांबून, दुसऱ्या दोन शेजाऱ्यांच्या संमतीने पाइप न्यावा लागला आणि खर्च वाढला. मग जून महिन्यापूर्वी बांध घालून वाफे केले आणि पहिली धुलाई पावसावर सोडली, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि त्याला वीज लागत नाही. पुढच्या लागणीत तुटाळी नगण्य राहिल्या. दादा आजही भावकीत सांगतो की माझी जमीन पावसाने सुधारली, पाइपने नाही. पाऊस दोघांच्या शेतावर सारखाच पडला होता. त्याच्या शेतात तो साचून उन्हाने आटला, माझ्या शेतातून तो क्षार घेऊन ओढ्याला गेला. म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगतो, की ओढ्यापर्यंतची वाट आणि शेजाऱ्यांची लेखी संमती हाती आल्याशिवाय जादा पाण्याचा एक लिटरही देऊ नका. शेजारी नातेवाईक असला, तरी लेखीच घ्या. शक्य असल्यास संपूर्ण शिवाराची एकत्र योजना करा, कारण एकट्या शेताचा पाइप शेजारचे पाणीही ओढत राहतो.

एक गोष्ट राहिली. वरचे सगळे क्षारयुक्त जमिनीसाठी आहे. तुमचा सामू ८.१ असल्याने सध्या ती त्याच गटात दिसते, पण विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण मात्र तपासून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर असेल, तर जमीन चोपणाकडे झुकली आहे, आणि अशा जमिनीतले क्षार पावसाच्या गोड्या पाण्याने धुतले की चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजतात. पाणी गढूळ होऊन दिवसेंदिवस साचून राहिले, तर तेच घडत आहे असे समजावे. तिथे आधी तपासणीनुसार जिप्सम मातीत मिसळावे लागते आणि मगच धुलाई करावी लागते. विहिरीच्या पाण्यातही सोडियम आणि बायकार्बोनेट किती आहेत ते पाहा, कारण नुसत्या १.६ ईसीवरून ते कळत नाही.