जुन्या ट्रंकेचा गंज: फोटो की ब्रश?

ट्रंकेच्या थ्रीडी मॉडेलवर गंजाचा फोटो लावला तर खोटा दिसतो. हाताने रंगवायचं तर कसं?

फोटोत त्या वेळची ऊन-सावली आधीच बसलेली असते. तुमचा लाइट फिरला तरी ती जागची हलत नाही. सबस्टन्स पेंटर या थ्रीडी मॉडेल रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तळाला गंजाचा फिल लेयर, म्हणजे सगळं मॉडेल झाकणारा थर, ठेवा, त्यावर निळ्या रंगाचा, आणि निळ्याला पांढरा मास्क द्या. मास्कवर काळा ब्रश फिरवाल तिथला निळा उडून खालचा गंज दिसेल. चुकलात तर X दाबा, पांढऱ्याने परत भरा. निळ्याची हाइट किंचित वाढवली की पोपड्यांना जाडी येते. घासायचं ते कोपऱ्यांवर आणि कडी आपटते तिथे. सगळ्या कडा सारख्या झिजवल्या (माझी पहिली ट्रंक अशीच होती) की पॉलिश पेपर मारल्यासारखं दिसतं.