सिप पॅनलचं छत: स्पॅन आणि जॉइंटमधली ओल

सिप पॅनलचं घर पटकन उभं राहतं म्हणे, पण जॉइंटमधून ओल येते का? आणि छताला मधे आधार न देता किती स्पॅन मिळतो?

ओल येते, पण बहुतेक वेळा बाहेरच्या पावसाची नाही, घरातल्याच हवेची. (सिप म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या दोन ओएसबी बोर्डांच्या मधे थर्माकोलसारखा फोम, म्युच्युअल फंडवाली नव्हे 😄)

अलास्कातल्या जुनोमध्ये 2001 च्या सुमारास बऱ्याच सिप छतांचे वरचे बोर्ड कुजलेले सापडले. पॅनल शाबूत, जॉइंट मात्र नीट सील केलेले नव्हते, त्यामुळे आतली गरम दमट हवा फटीतून वर चढायची, थंड बोर्डाच्या खालच्या बाजूला लागून तिचं पाणी व्हायचं आणि जॉइंटच्या रेषेत बोर्ड फुगून मऊ पडायचा. आढ्याला सगळ्यात जास्त. म्हणून जॉइंटमधे स्प्लाइन, म्हणजे दोन पॅनल जोडणारी पट्टी, बसवताना सीलंटची सलग रेघ मारायचीच, वर आतल्या बाजूनेही सील टेप लावायची, आणि हे आतलं फिनिशिंग व्हायच्या आधीच, नंतर तिथे हात पोचत नाही. छताच्या पत्र्याखाली हवा खेळायला फट ठेवली तर अजून बरं. थंडीत पहाटे छताकडे बघा, दव गोठलेलं असताना जॉइंटच्या रेषा आधी वितळलेल्या दिसल्या तर तिथून हवा गळतेय समजा.

स्पॅनचा एकच आकडा नसतो. जाडी, बर्फाचा भार आणि स्प्लाइनचा प्रकार यावर ठरतो, कंपनीचं लोड टेबल मागा. लाकडी स्प्लाइनने स्पॅन वाढतो पण तिथून थंडी आत येते, त्यापेक्षा मधे एक बीम टाकलेला मला परवडतो.