लेबलवरील कॅलरी आणि घटकांची बेरीज जुळत का नाही?

प्रश्न: माझ्या प्रोटीन बारच्या अमेरिकी लेबलवर फॅट 8 ग्रॅम, कार्ब 24 ग्रॅम (त्यात फायबर 13) आणि प्रोटीन 10 ग्रॅम आहे. प्रति ग्रॅम अनुक्रमे 9, 4 आणि 4 कॅलरी धरून, म्हणजे 9-4-4 ने गुणून 208 येतात, पण लेबल 180 सांगते. लेबल चुकीचे आहे का?

उत्तर: लेबल चुकीचे असण्याची शक्यता कमी आहे, हा फरक बहुतांशी फायबरचा आहे.

अमेरिकी लेबलवरील एकूण कर्बोदकांमध्ये फायबर धरलेले असते, त्यामुळे आपण नकळत त्या 13 ग्रॅमलाही प्रत्येकी 4 कॅलरी दिल्या. प्रत्यक्षात फायबर लहान आतड्यात पचत नाही. त्यातील काही भाग मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून शरीराला थोडी ऊर्जा मिळते. म्हणून तेथील नियम उत्पादकाला विद्राव्य फायबरसाठी 2 आणि अविद्राव्य फायबरसाठी शून्य कॅलरी धरण्याची मुभा देतात. आपल्या बारमध्ये 10 ग्रॅम विद्राव्य आणि 3 ग्रॅम अविद्राव्य फायबर आहे असे मानू. मग फॅटच्या 72, उरलेल्या 11 ग्रॅम कर्बोदकांच्या 44, फायबरच्या 20 आणि प्रोटीनच्या 40 मिळून 176 होतात. 50 च्या पुढील कॅलरी जवळच्या दहापर्यंत नेल्या जात असल्याने लेबलवर 180 छापले जाते.

हाच बार युरोपीय संघात विकला, तर गंमत उलटी होते. तेथे कर्बोदकांच्या आकड्यात फायबर नसतेच, ते वेगळ्या ओळीत येते आणि सरसकट 2 कॅलरींनी मोजले जाते. लेबलवर कर्बोदके 11 ग्रॅम दिसतील, 9-4-4 ची बेरीज 156 येईल आणि छापील आकडा मात्र 182 च्या आसपास असेल. म्हणजे आपण वापरलेले सूत्र एका लेबलवर जास्त आणि दुसऱ्यावर कमी उत्तर देते, पदार्थ मात्र तोच!

फायबर नगण्य असूनही पाच-दहा कॅलरींचा फरक दिसला, तर तो पूर्णांकनाचा समजावा. छापलेले 8 ग्रॅम फॅट मुळात 7.5 ते जवळजवळ 8.5 यांपैकी काहीही असू शकते आणि तेवढ्यानेच साडेचार कॅलरी इकडे-तिकडे होतात. कर्बोदके आणि प्रोटीन प्रत्येकी दोनची भर घालतात, शिवाय कॅलरींचा आकडा स्वतः पाचने हलतो. उत्पादक कॅलरी सहसा पूर्णांकनापूर्वीच्या आकड्यांवरून काढतो, म्हणून नोंद ठेवताना मी आपल्या बेरजेऐवजी छापील कॅलरीच घेतो.

मात्र फरक फायबरच्या ग्रॅमांच्या चौपटीपेक्षाही बराच मोठा असेल, तर घटकांच्या यादीत एरिथ्रिटॉल किंवा माल्टिटॉल शोधावे. हे गोड पदार्थही कर्बोदकांत मोजले जातात, पण त्यांच्या कॅलरी साखरेपेक्षा कमी धरतात आणि एरिथ्रिटॉलच्या तर जवळजवळ शून्य.